आजीचं व्यक्तिचित्र: इंग्रजीच्या पेपरसाठी आदर्श उत्तर पाठ करावं का?

नववीची आई
मुलाच्या इंग्रजीच्या पेपरला आजीचं व्यक्तिचित्र येणार आहे, १२० ते १५० शब्दांत. शिकवणीत एक आदर्श उत्तर दिलंय आणि पाठ करून या म्हणालेत. त्यात आहे: ‘माय ग्रँडमदर इज सेव्हन्टी-फाइव्ह इयर्स ओल्ड. शी इज काइंड, लव्हिंग, ऑनेस्ट अँड हार्डवर्किंग. शी गेट्स अप अर्ली. शी टेल्स मी स्टोरीज एव्हरी नाइट. शी इज द बॅकबोन ऑफ अवर फॅमिली.’ मुलगा म्हणतो, ही आपली आजी नाहीच. पण स्वतः लिहायला बसला की चुका होतात. काय करावं?

खडूफळा
पाठ करू द्या. मी शिकवणी घेतो, तेव्हा माझी बाजू उघड आहे. पेपरात या प्रश्नाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ज्या मुलाला घरी शांतपणे चार वाक्यं जमत नाहीत, त्याला परीक्षेच्या खोलीत काय सुचणार? पाठ केलेल्या उत्तरात स्पेलिंग बरोबर असतं, परिच्छेद पाडलेले असतात आणि शेवटही तयार असतो. शिवाय आजीच्या जागी आजोबा किंवा शेजारी आले तरी थोडा बदल करून तेच वापरता येतं. तपासणारा काही तुमच्या घरी येऊन आजी पडताळून पाहत नाही.

तांबडी शाई
सर, तो ‘थोडा बदल’ कसा होतो ते आम्ही तपासताना बघतो. पहिल्या ओळीत आजोबा असतात, चौथ्या ओळीत ‘शी टेल्स मी स्टोरीज’ तसंच राहिलेलं असतं आणि शेवटी ‘हर लाइफ’. नुसता नातेवाईक बदलून भागत नाही. ‘शी’, ‘हर’ सगळीकडे बदलावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

दुसरं म्हणजे पाठांतर केलं म्हणून कोणी गुण कापत नाही, पण ते संपतं कुठे हे लगेच कळतं. चार वाक्यं निर्दोष येतात आणि पाचवं येतं ‘शी इज हॅविंग व्हाइट हेअर्स’. वरची वाक्यं त्याची नव्हती हे तिथेच उघडं पडतं. मग भाषेचे गुण त्या पाचव्या वाक्यापासून पुढे जे दिसेल त्यावर ठरतात. आणि प्रश्नात मुद्दे दिलेले असतील, म्हणजे दिसणं, एखादी सवय, एखादा प्रसंग, तर पाठ उत्तरात प्रसंगच नसतो. आशयाचे गुण तिथे जातात.

‘काइंड, लव्हिंग, ऑनेस्ट’ यात चूक काही नाही, पण त्यातून एकही माणूस डोळ्यांपुढे येत नाही.

पाचवा_बाक
निबंधातल्या सगळ्या आज्या पहाटे उठतात. उशिरापर्यंत झोपणारी एकही आजी मला वहीत भेटलेली नाही.

संदर्भासहित
पण आजी कोणत्या धड्यातली आहे? व्यक्तिचित्राच्या प्रश्नात पात्राचे गुण लिहून प्रत्येकासाठी धड्यातला पुरावा द्यावा लागतो. धडा सांगा, मी मुद्दे काढून देतो.

नववीची आई
धड्यातली नाही हो, घरातली. लेखन विभागातला प्रश्न आहे.

तांबडी शाई मॅडम, मुलाला विचारलं, तुला आजीचं काय आठवतं? म्हणाला, ती जुनी पाकिटं टाकत नाही. फाडून उलटी करते, आतल्या कोऱ्या बाजूवर हिशेब आणि निरोप लिहिते आणि स्वतःचं पेन कोणाला देत नाही. पण याच्यावर निबंध होतो का?

तांबडी शाई
यावरच होतो. त्याला जसं येतं तसं इंग्रजीत लिहू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका आणि दुरुस्तही करू नका. जे लिहील ते इथे द्या.

व्याकरणप्रेमी
एकच नियम सांभाळा: व्यक्तिचित्र पूर्णपणे साध्या वर्तमानकाळात लिहायचं. काळ बदलला की गुण गेले. आणि दिसण्याबद्दल अजिबात लिहू नका, ते वर्णन झालं, व्यक्तिचित्र नाही.

तांबडी शाई
पहिलं अर्धं बरोबर आहे. सवयी साध्या वर्तमानकाळातच हव्यात: ‘शी कीप्स’, ‘शी राइट्स’, आणि तो शेवटचा ‘स’ विसरायचा नाही. पण एकदा घडून गेलेला प्रसंग वर्तमानकाळात कसा लिहिणार? तो भूतकाळातच येतो. चूक होते ती एकाच प्रसंगात ‘सॉ’ लिहून पुढच्याच वाक्यात ‘सेज’ लिहिल्यावर. आणि आजी आमच्याकडे पाच वर्षांपासून राहते हे सांगायचं तर ‘शी हॅज लिव्ह्ड विथ अस फॉर फाइव्ह इयर्स’. मुलं हमखास ‘शी इज लिव्हिंग विथ अस सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितात.

दिसण्याचंही तसंच. रंग, उंची, केस यांची यादी निरुपयोगी आहे. पण बोटावर नेहमी शाईचा डाग असतो हे लिहिलं, तर त्या एका ओळीत दिसणंही आलं आणि स्वभावही.

लेकीचा_बाबा
आमची अडचण वेगळीच आहे. माझी आई मुलीच्या जन्माआधीच वारली. मुलीने ‘शी लव्ह्ज मी’ असं पाठ केलंय. मला ते वाचून कसंतरी झालं, पण गुणांचा प्रश्न म्हणून गप्प बसलो. तिने नसलेली आजी आहे म्हणून लिहावं का?

तांबडी शाई
तिला खरं तेच लिहू द्या. ‘माय ग्रँडमदर डाइड बिफोर आय वॉज बॉर्न. आय नो हर फ्रॉम माय फादर्स स्टोरीज.’ पुढे आजीच्या सवयी भूतकाळात, ‘यूज्ड टू’ वापरून. मुलीला जे आज वाटतं ते मात्र वर्तमानकाळातच राहील. ‘व्यक्ती हयातच हवी’ असं प्रश्नात कुठे असतं?

खडूफळा
आणि गोष्टी सांगणारं कोणी नसेल तर? परीक्षा भाषेची आहे, खरेपणाची नाही. मी तर मुलांना सरळ सांगतो, आजी नसेल तर बनवा.

लेकीचा_बाबा
सर, बनवायला हरकत नाही हो. पण सगळ्यांची तीच बनवलेली आजी कशाला?

नववीची आई
मुलाने लिहिलं ते देते. बघून हसू नका.

‘माय ग्रँडमदर इज हॅविंग व्हाइट हेअर्स. शी नेव्हर थ्रो एनीथिंग. शी ओपन ओल्ड एन्व्हलप्स अँड राइट ऑन इट. शी इज नॉट गिव्हिंग हर पेन टू एनीवन. लास्ट इयर आय वॉज सर्चिंग अ रबर इन हर ड्रॉवर. आय फाइंड वन एन्व्हलप. ऑन दॅट शी रोट माय फीव्हर, होल नाइट. आय प्रे टू गॉड टू गिव्ह हर लाँग लाइफ.’

ताप आला होता त्या रात्री आजी दर काही तासांनी मोजून पाकिटावर मांडत होती. मलाही हे माहीत नव्हतं.

पाचवा_बाक
याच्यापुढे ‘बॅकबोन ऑफ अवर फॅमिली’ कोणाला हवंय?

तांबडी शाई
आशय उत्तम आहे, आणि चुका दिसतात तितक्या वेगवेगळ्या नाहीत. क्रमाने बघू.

‘थ्रो’, ‘ओपन’, ‘राइट’ ही एकच चूक तीनदा आहे, ‘शी’पुढचा ‘स’. ‘इज हॅविंग’ आणि ‘इज नॉट गिव्हिंग’ हीही एकच: कायमची गोष्ट किंवा सवय सांगताना ‘आयएनजी’ नको. ‘शी हॅज व्हाइट हेअर’, आणि ‘हेअर’ला ‘एस’ नाही. ‘शी नेव्हर गिव्ह्ज हर पेन टू एनीवन’. टाकून देणं म्हणजे ‘थ्रो अवे’, नुसतं ‘थ्रो’ म्हणजे फेकणं. पाकिटं अनेक, म्हणून ‘ऑन देम’. ‘सर्चिंग’नंतर ‘फॉर’ हवं, आणि प्रसंग मागचा असल्यामुळे ‘फाइंड’चं ‘फाउंड’. ताप पाकीट सापडण्याच्याही आधी लिहिलेला होता, म्हणून ‘रोट’च्या जागी ‘हॅड रिटन’. तिने ताप नाही, तापाचा आकडा लिहिला, म्हणून ‘फीव्हर’ऐवजी ‘टेम्परेचर’.

मधला भाग असा होईल:

‘शी नेव्हर थ्रोज एनीथिंग अवे. शी ओपन्स ओल्ड एन्व्हलप्स, टर्न्स देम इनसाइड आउट अँड राइट्स ऑन देम. लास्ट इयर आय वॉज सर्चिंग फॉर अ रबर इन हर ड्रॉवर व्हेन आय फाउंड वन ऑफ दीज एन्व्हलप्स. शी हॅड रिटन माय टेम्परेचर ऑन इट ऑल थ्रू द नाइट.’

शब्द त्याचेच राहिले आहेत. ‘टर्न्स देम इनसाइड आउट’ तेवढं मी घातलं, कारण ही गोष्ट त्याने तुम्हाला सांगितली होती पण लिहायची राहिली. ‘लव्हिंग’ हा शब्द कुठेही नाही, त्याची गरजही नाही. शेवटची प्रार्थना काढा. ती जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते आणि तिचा पाकिटांशी संबंध नाही. त्याऐवजी ते पाकीट सापडल्यावर त्याने काय केलं ते एका वाक्यात येऊ दे.

खडूफळा
मॅडम, हे तुम्ही एका मुलासाठी केलंत, छान झालं. माझ्या वर्गात पन्नास आहेत. त्यातल्या पंधरांना ‘शी’नंतर काय लिहायचं तेच येत नाही. त्यांच्या प्रत्येकाच्या पाकिटापर्यंत मी कधी पोहोचणार? त्यांना कोरा कागद ठेवून येण्यापेक्षा पाठ उत्तर बरं. आणि तुमच्याकडे एवढं चांगलं जमतंय तर तुम्हीच पूर्ण दीडशे शब्दांचं आदर्श उत्तर लिहून द्या ना.

तांबडी शाई
कोऱ्या कागदाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्या पंधरांसाठी माझ्याकडे सोपा उपाय नाही. पण त्यांनाही अख्खं उत्तर न देता वाक्यांचे सांगाडे पाठ द्या. ‘शी नेव्हर...’, ‘एव्हरी इव्हनिंग शी...’, ‘वन डे आय सॉ...’, ‘आफ्टर दॅट आय...’. पुढचं ज्याने त्याने भरायचं. ‘शी नेव्हर स्माइल्स इन फोटोज’ एवढं लिहिणारा मुलगाही तुमच्या वर्गात असेल. वाक्य लहान आहे, बरोबर आहे आणि दुसऱ्या कोणाचं नाही.

पूर्ण उत्तर मी मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या वर्षी सगळ्या आज्या पाकिटं उलटी करतील.

व्याकरणप्रेमी
‘रबर’ की ‘इरेजर’? परीक्षक कापेल का?

तांबडी शाई
दोन्ही चालतं. उत्तरात एकच ठेवा.

खडूफळा
सांगाडे देऊन बघतो. पण पेपरच्या आदल्या दिवशी पालकांचा फोन येतो तो ‘सर, तयार निबंध पाठवा’ असाच. त्यांना ‘शी नेव्हर’ पाठवलं तर काय म्हणतील?

नववीची आई
पाकिटाचं शेवटचं वाक्य विचारलं. म्हणतो, ‘आय पुट इट बॅक अँड डिड नॉट टेल हर.’ हे बरोबर आहे ना? आणि एकूण फार तर शंभर शब्द होतायत, बाकीचे कुठून आणू?

तांबडी शाई
वाक्य बरोबर आहे. शब्दांसाठी पेनाकडे वळा. ती ते कोणाला देत नाही, मग कोणी मागितलं तर काय करते? तीन-चार वाक्यं तिथे सहज निघतील.