मदत हवी आहे: रजेच्या हँडओव्हर मेलमध्ये अर्धवट आलेली ऑर्डर कशी लिहावी?

अंबड एमआयडीसीत परचेसला आहे. सहकारी ताई सोमवारपासून दोन महिने रजेवर जातायत, हँडओव्हर मेल आम्ही दोघं मिळून लिहितोय.

अडलंय एका सातपूरच्या सप्लायरपाशी. पीओ ५०० ब्रॅकेटचा, आले ३२०, त्यातले २० रिजेक्ट. बिल ३२० चं आलंय, डेबिट नोट अजून निघालेली नाही. ओपन ऑर्डर आणि बाकी पेमेंट असे दोन वेगळे तक्ते करून पाहिले, पण पेमेंटच्या तक्त्यात रिजेक्शन दिसतच नाही. अकाउंट्स पूर्ण ३२० चे पैसे सोडेल ही भीती आहे. पेमेंट थांबवूनही ठेवता येत नाही, कारण सप्लायर सूक्ष्म उद्योगात नोंदलेला आहे आणि ४५ दिवसांची मुदत चालू आहे.

संपर्कात डिस्पॅच आणि बिलिंगची माणसं वेगळी लिहिली आहेत. ईआरपी नाही, एक्सेलच आहे.

अशा वेळी सप्लायरवार एकच ओळ करून त्यात ‘३०० चे द्यायचे, २०० यायचे’ असं लिहावं, की तक्ते वेगळेच ठेवून पीओ नंबरने जोडावेत? तुमच्याकडे काय करता?