गल्लीच्या सामाईक सजावटीसाठी शेजारच्या दुकानांना पत्र द्यायचंय, खर्चाची वाटणी कशी मांडू?

काउंटरमागचा

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या गल्लीत बारा दुकानं. हंगाम आला की जो तो आपल्या दारापुरतं काहीतरी टांगतो. एकाचा उजेड पिवळा, दुसऱ्याचा निळा लुकलुकणारा, आणि मधली दोन दुकानं अंधारात. मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्याला आत बाजार आहे हे कळतच नाही. यंदा गल्लीच्या तोंडाशी एक कमान आणि आत शेवटपर्यंत एकसारख्या माळा, असं सगळ्यांनी मिळून करावं असं मनात आहे. त्यासाठी पत्र लिहिलंय:

*स.न.वि.वि. आपल्या गल्लीची शोभा व ग्राहकांची वर्दळ वाढावी या हेतूने यंदा सर्वांनी मिळून सजावट करण्याचे योजिले आहे. येणारा खर्च सर्वांमध्ये समान वाटून घेण्यात येईल. तरी आपण सहकार्य करावे ही विनंती.*

अडचण ‘समान’ या शब्दाशी आहे. आठ दुकानं दहा फुटी आहेत, तीन पंचवीस फुटी आणि एक तब्बल पंचेचाळीस फुटी. समान म्हटलं तर छोटे कुरकुरणार. फुटांवर वाटलं तर मोठं दुकान अंग काढून घेणार, आणि ते नसेल तर बाकीचेही ढेपाळतील. पत्रात काय लिहू?

रंगीत_पतंग

उबदार पांढरा उजेड घ्या. लुकलुकणाऱ्या माळांनी काचेआडचा माल नीट दिसत नाही. आमच्या दुकानात आम्ही आरशाच्या कडेने पट्टी लावली आहे, फार छान दिसते.

काउंटरमागचा

धन्यवाद, पण प्रश्न दुकानाच्या आतल्या सजावटीचा नाही, वाटणीचा आहे.

तिसरा_मजला

यात एवढं काय? आमच्या इमारतीत देखभालीचा खर्च चौरस फुटांवर वाटतात, कुणी हूं की चूं करत नाही. ज्याची जागा मोठी त्याचा हिस्सा मोठा. तेच लावा.

हिशेबाची_वही

@तिसरा_मजला, मोठ्याने जास्त द्यावं इथपर्यंत बरोबर. पण चौरस फूट इथे कामाचे नाहीत. दहा फुटी दुकान आत साठ फूट खोल असलं तरी त्याच्या दारावर माळ दहा फुटांचीच लागणार. मोजायची ती दर्शनी रुंदी, आणि तीही याच गल्लीकडची. कोपऱ्यावरच्या दुकानाची दुसरी बाजू मुख्य रस्त्याकडे असेल तर ती सोडून द्यायची.

@काउंटरमागचा, समान की फुटांवर, असा एकच निर्णय सगळ्या खर्चाला लावायला जाताय म्हणून अडकताय. खर्च दोन जातींचा आहे. कमान, मुख्य तार, जोडणी, फिटरची मजुरी ही गल्लीसाठी एकदाच लागते. दुकान दहा फुटी असो वा पंचेचाळीस, कमानीखालून येणारं गिऱ्हाईक सगळ्यांचंच. हा भाग डोकी मोजून वाटा. दारावरच्या माळा मात्र जितके फूट तितक्या लागतात, तो भाग फुटांवर.

तुमचेच आकडे घेऊ. एकूण खर्च १०० भाग धरा. दरपत्रक आल्यावर खरं प्रमाण घाला, तूर्त सामाईक ६० आणि माळा ४० मानू. सामाईक ६० बारा दुकानांत, म्हणजे प्रत्येकी ५. एकूण रुंदी ८० + ७५ + ४५ = २०० फूट, म्हणून माळांचा दर दहा फुटांना २ भाग. छोट्या दुकानाचे ५ + २ = ७ भाग झाले, पंचवीस फुट्याचे ५ + ५ = १०, मोठ्याचे ५ + ९ = १४. आठ छोट्यांचे ५६, तीन मधल्यांचे ३० आणि मोठ्याचे १४, बेरीज बरोबर १००.

आता तुलना करा. सरसकट समान वाटलं असतं तर छोट्यालाही ८.३३ भाग पडले असते. नुसतं फुटांवर वाटलं असतं तर मोठ्यावर २२.५ आले असते. आपल्या वाटणीत दोघांनाही आपल्या धास्तीपेक्षा कमी द्यावं लागतंय. पत्रात ही कारणमीमांसा दोन ओळींत द्या आणि खाली बारा दुकानांचं कोष्टक जोडा. सगळ्यांचे आकडे सगळ्यांना दिसू देत. शेजाऱ्याला किती पडले हे कळलं नाही तर माणूस त्यावरच डोकं लावत बसतो.

कात्री_सुई

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच पत्र फिरलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा चौघांनी हात वर केले. ज्यांनी पुढाकार घेतला त्यांच्या गळ्यात बाकी. तेव्हापासून मी कुठल्याही वर्गणीच्या कागदावर सही करत नाही, कारण शेवटी माझ्या वाट्याला किती येणार हे कुणीच सांगत नाही.

हिशेबाची_वही

@कात्री_सुई, याला इलाज आहे, आणि तो पत्रातच घालायचा. पत्रात दोन आकडे हवेत: किमान किती दुकानं आली तर काम होईल, आणि तशा वेळी प्रत्येकाचा हिस्सा जास्तीत जास्त किती होईल.

बारापैकी किमान दहांची अट ठेवा. दोघं आले नाहीत तर त्यांच्या दारावरच्या माळा वजा होतात, पण सामाईक ६० तसेच राहतात. ते दहांत वाटले की प्रत्येकी ५ चे ६ होतात. म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा बरोबर एका भागाने वाढतो: छोट्याचे ८, मधल्याचे ११, मोठ्याचे १५. गळालेले दोघं छोटे आहेत की मोठे याने फरक पडत नाही, कारण सामाईक भाग डोक्यावर वाटलाय. पत्रात थेट लिहा की हिस्सा ७, काही झालं तरी ८ च्या वर जाणार नाही, आणि दहाच्या खाली दुकानं राहिली तर काम रद्द, पैसे परत. मग सही करणाऱ्याला दुसऱ्याच्या पळपुटेपणाची झळ किती बसेल ते आधीच ठाऊक असतं.

आणखी एक. कोष्टकात दोन्ही आकडे द्या, पण पैसे वरच्या आकड्याचे गोळा करा आणि उरलेले परत करा. कामाच्या मधे पुन्हा पैसे मागायला गेलात की तिथेच ठिणगी पडते.

कात्री_सुई

हे असं लिहिलेलं असतं तर मी सही केली असती.

जुना_फिटर

हिशेब झकास आहे, पण ‘न आलेल्यांच्या माळा वजा’ हे कागदावरच सोपं. माळा दुकानाच्या कपाळावरून सरळ गेल्या असतील तर मधली दहा फुटं सोडता येतात. तार मात्र पुढे न्यावीच लागते. गल्लीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आडव्या टाकणार असाल तर मधलं दुकान वगळताच येत नाही, त्याच्या डोक्यावर उजेड पडणारच. म्हणून आधी रचना ठरवा आणि मग वाटणी छापा.

आडव्या माळांचं आणखी एक दुखणं. लोक तार ताणून बांधतात. तारेला थोडा झोल हवा, नाहीतर वाऱ्यात सगळा ताण टोकाच्या खिळ्यावर येतो आणि तो गिलाव्यासकट उपटतो. वजन वायरवर घ्यायचं नाही, वेगळी पोलादी तार ओढून माळ तिला बांधायची. ही तार आणि आकडे सामाईक खर्चात धरा, दरपत्रकात बहुतेक वेळा ते राहून जातात. गल्लीत शिरणारं सगळ्यात उंच वाहन मोजा, अग्निशमनाची गाडीसुद्धा, आणि तार त्याच्या बरीच वर ठेवा. विजेच्या खांबाला काहीही बांधायचं नाही.

काउंटरमागचा

@जुना_फिटर, मोलाचं सांगितलंत. आम्ही कपाळावरूनच नेऊ, गल्ली अरुंद आहे. वीज कुणाकडून घ्यायची? माझ्या मीटरवरून घ्यायला मी तयार आहे, पण बिल?

जुना_फिटर

बिलावरून भांडणं होतात, आणि ती फुकटची असतात. समजा चाळीस माळा, प्रत्येकी पाच वॉट. झाले दोनशे वॉट. रोज सहा तास म्हणजे १.२ युनिट, वीस दिवसांचे २४ युनिट. माळेवर छापलेले वॉट बघून तुमचा आकडा काढा, कमानीवर मोठे दिवे असतील तर ते वेगळे धरा. जी रक्कम येईल ती सामाईक खर्चातून वीज देणाऱ्याला आगाऊ द्या, विषय संपला. त्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर मात्र हवाच. पावसात ओला झालेला जोड हातात धरेल कोण, सांगता येत नाही.

तिसरा_मजला

वरच्या मजल्यावर कुणी आहे का? आमच्याकडे वर शिकवणीवर्ग आहेत, जिना गल्लीतूनच. त्यांची दर्शनी रुंदी शून्य. त्यांनी फुकट मिरवायचं का?

काउंटरमागचा

आहे ना, एक शिंप्याचं आणि एक घड्याळदुरुस्तीचं. बारांत मी त्यांना धरलंच नव्हतं.

हिशेबाची_वही

त्यांच्याकडून फक्त सामाईक भाग घ्या, माळा शून्य. चौदा डोकी झाली की ६० चे प्रत्येकी ४.३ पडतात, सगळ्यांचाच हिस्सा उतरतो. मात्र अटही मग चौदाच्या हिशेबाने नव्याने मांडावी लागेल.

कात्री_सुई

शिंप्याच्या बाजूने बोलते. वरच्या मजल्यावर फिरत येणारं गिऱ्हाईक नसतं, ठरवून येणारं असतं. कमानीने त्याचा काय फायदा? अर्धा हिस्सा मागा, नाहीतर तो जिन्यावरूनच नाही म्हणेल.

हिशेबाची_वही

अर्ध्याला हरकत नाही, पण मग तळमजल्यावरचा जो म्हणेल ‘माझ्याकडेही ठरवूनच येतात’ त्याला काय सांगणार? मला पूर्ण बरा वाटतो. ते दोघं नाहीच म्हणाले तर बारांचा हिशेब आहेच.

काउंटरमागचा

वरच्या दोघांना आधी जाऊन विचारतो, पत्र नंतर. सध्या बारांचा मसुदा असा केलाय, कुठे अडखळतंय का बघा:

*स.न.वि.वि. यंदा गल्लीच्या तोंडाशी कमान व सर्व दुकानांवर एकसारख्या माळा लावाव्यात, असा प्रस्ताव आहे. कमान, तार, जोडणी, मजुरी व वीज हा खर्च सर्वांत समान आणि माळांचा खर्च गल्लीकडील दर्शनी रुंदीप्रमाणे वाटला आहे. प्रत्येकाचा हिस्सा व त्याची कमाल मर्यादा सोबतच्या कोष्टकात आहे. बारापैकी किमान दहा दुकाने सहभागी झाली तरच काम होईल, अन्यथा रक्कम पूर्ण परत मिळेल. पैसे दोघांच्या संयुक्त ताब्यात राहतील, पावत्या कोणीही पाहू शकेल. काम संपल्यावर कमान व माळा सहभागी दुकानांच्या सामाईक मालकीच्या राहतील. कृपया आपल्या नावापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून पुढील शनिवारपर्यंत सही करावी.*

हिशेबाची_वही

चांगलं झालंय. एक वाक्य घाला: शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर ‘नाही’ समजण्यात येईल. नाहीतर अकरा जण बाराव्याची वाट बघत बसतील. आणि कागद फिरवण्याआधी त्या पंचेचाळीस फुटीवाल्याला कोष्टक घेऊन एकट्याने भेटा. त्याचं नाव वरच्या तिघांत आलं तर खालच्या सह्या पटापट होतात.

कात्री_सुई

मी उलट करेन. आधी चार छोट्यांच्या सह्या, मग मोठ्याकडे. त्याला आधी भेटलात तर तो कमानीवर स्वतःचं नाव मागेल.

काउंटरमागचा

नाव तो मागणार हे नक्की. त्यासाठी कमानीवर फक्त गल्लीचं नाव असेल, ही ओळही मसुद्यात घालतोय.

रंगीत_पतंग

पुढच्या वर्षी कुणी नवीन आला तर जुन्या कमानीचे पैसे त्याने द्यायचे का?

जुना_फिटर

माळा एका पावसाळ्यानंतर निम्म्या टाकाऊ होतात, त्यांचे मागू नका. कमानीचा सांगाडा लोखंडी असेल तर बरीच वर्षं टिकतो. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तो ठेवणार कुठे, हे मात्र आत्ताच ठरवा.