मदत हवी आहे: टोनर बदलला, पण पानावर ठरावीक अंतराने काळा डाग येतोय

आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. बाबा चार दिवस गावी गेलेत, मी दहावीत आहे आणि दुकान सांभाळतेय. काल लेझर प्रिंटरची प्रिंट पुसट आली. कार्ट्रिज काढून हलवल्यावर वीसेक पानं निघाली, मग पुन्हा फिकट. बाबांना फोन लावून नवं कार्ट्रिज बसवलं. आधी पाच-सहा वेळा आडवं हलवलं, सीलची पट्टी सरळ ओढली, ती अख्खी बाहेर आली. आत सरकवल्यावर खट्ट आवाज आला तेव्हा इतका आनंद झाला!

अक्षरं आता ठसठशीत आहेत, पण उजवीकडे एका रेषेत काळपट डाग येतोय. पट्टीने मोजलं, दोन डागांत साडेसात सेंटीमीटर. आमचा ड्रम 24 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा एक फेरा तेवढाच. बसवताना हिरव्या ड्रमला माझं बोट लागलं होतं. कार्ट्रिज उन्हात अजिबात ठेवलं नव्हतं. पंधरा कोरी पानं काढली तरी डाग तसाच. ओरखड्याच्या भीतीने ड्रम अजून पुसलेला नाही.

उद्या मुलं हॉल तिकिटं काढायला येतील, दुसरं कार्ट्रिज नाही. हा बोटाचा ठसाच असेल, तर कोरड्या मऊ कापडाने पुसू का, आणि नेमकं कसं?