मदत हवी आहे: फोटोतला आकडा ५ की ९?

नमस्कार मंडळी. भाची गुहागरला दहावीत आहे. तिने क्लासच्या सरावपत्रिकेतल्या गणिताचा फोटो पाठवलाय. कागद पावसात भिजलाय, शाई पसरलीय. वाचता येतं ते असं: ‘दोन नळ एकत्र सोडल्यास टाकी ६ तासांत भरते. लहान नळाला मोठ्या नळापेक्षा _ तास जास्त लागतात. प्रत्येकाला एकट्याने किती वेळ लागेल?’ रिकाम्या जागी नुसता गोळा आणि खाली शेपूट.

तिने आधी x + (x+5) = 6 मांडलं. म्हणजे x अर्धा तास. मी म्हटलं, अगं, एकटा नळ अर्ध्या तासात टाकी भरतो, मग दोघांना सहा तास कसे? वेळा मिळवायच्या नाहीत, तासाभरात टाकीचा किती भाग भरतो ते मिळवायचं:

1/x + 1/(x+5) = 1/6

यावरून x² − 7x − 30 = 0, म्हणून x = 10. उणे ३ सोडून द्यायचं. उत्तर १० आणि १५ तास.

इथवर ठीक होतं. पण आकडा ९ धरला तर x² − 3x − 54 = 0, आणि उत्तर ९ व १८ तास. तेही चोख जुळतं! १ धरला तर मात्र पूर्णांक येत नाही, म्हणून तो मी बाद केला.

उत्तरावरून आकडा ठरवता येत नाही, हीच अडचण आहे. कुणाकडे या गणिताची स्वच्छ प्रत आहे का? नसेल तर तिने दोन्ही उत्तरं लिहावीत का? शिक्षक मंडळींनी कृपया सांगा, सोमवारी वही द्यायची आहे.