मदत हवी आहे : खांद्याच्या उतारात उलट बाजूला पडणारी भोके

नमस्कार. मी ४ मिमीच्या सुयांवर, १० सेंमीत २२ टाके बसतील अशा विणीचा स्वेटर विणत आहे. प्रत्येक खांद्याला २४ टाके असून पायऱ्या दिसू नयेत म्हणून टाके बंद करण्याऐवजी मी अर्ध्या ओळी घातल्या, म्हणजे बाहीच्या बाजूचे सहा-सहा टाके सोडत १८, १२ आणि ६ टाक्यांवर वळले आणि प्रत्येक वळणावर पुढच्या टाक्याला लोकरीचा वेढा दिला.

ज्या खांद्याची वळणे सुलट ओळीच्या शेवटी येतात, तिथे शेवटच्या ओळीत वेढा आणि टाका एकत्र सुलट विणल्यावर काहीच दिसत नाही. दुसऱ्या खांद्यावर मात्र वेढे उलट ओळीत उचलावे लागतात आणि उजेडासमोर धरले की तीन स्पष्ट भोके दिसतात. वेढा सुलट बाजूने, मागून उचलून सुईवर टाक्याच्या पलीकडे ठेवला, तर भोक मिटते, पण तिथे गाठीसारखा उंचवटा येतो. लोकर ताणून पाहिली, तर शेजारचा टाकाच आकसला.

या खांद्यासाठी जर्मन पद्धत, म्हणजे वळल्यावर टाका उचलून लोकर मागे ओढून त्याचे दोन पाय करणे, अधिक सफाईदार ठरेल का? दोन्ही खांदे एकाच पद्धतीने विणावेत की मिसळले तरी चालेल?

छातीसाठीही पुढच्या भागात ३ सेंमी जास्त उंची हवी आहे. तिथे दोन्ही बाजूंना वळणे येणार असल्याने हा प्रश्न आधी सोडवायचा आहे.