विषय: आरवची झोप आणि मेलाटोनिनची गमी

स्वाती: नमस्कार मंडळी, आरव सात वर्षांचा आहे, उन्हाळ्यात भारतातून आलो तेव्हापासून साडेआठला अंथरुणात जातो पण झोप लागते साडेदहाला. मैत्रिणीने सांगितलं म्हणून दोन आठवडे झोपताना 5 मिलीग्रॅमची गमी देतेय, झोप तेव्हाच लागते आणि सकाळी मात्र उठवत नाही, बस चुकतेय. 10 देऊ का?

संदीप: अगं नॅचरल आहे ते, शरीरातच बनतं. आमच्याकडे 10 ची बाटली असते, बिनधास्त दे.

अनघा: संदीप, शरीरात बनतं हे खरं, पण 5 ची लागू पडली नाही म्हणून 10 असं नसतं. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि मला पहिली काळजी वाटते ती गमीत नक्की किती आहे याची. 2023 साली इथे अमेरिकेत 25 गमी तपासल्या तर 22 मध्ये लेबलपेक्षा कमी-जास्त निघालं, एकीत जवळजवळ साडेतीनपट, आणि एकीत मेलाटोनिन नव्हतंच! स्वाती, आत्ता थांबव. पुढे त्याच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर अर्धा ते 1 मिलीग्रॅमपासून सुरुवात, आणि झोपताना नाही, तासभर आधी. बाटली कुलपात ठेव, मुलं गमी खाऊसारखी खातात.

आणि खरं सांगू, साडेआठला त्याला झोप येतच नाहीये. थोडे दिवस सव्वादहालाच अंथरुणात जाऊ दे, त्याआधी टॅब्लेटची स्क्रीन बंद. पंधरा-वीस मिनिटांत लागायला लागली की तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण, मग परत पंधरा. सकाळी मात्र रोज एकाच वेळी उठवायचं, शनिवारी पण.

मेधा: आमच्या लेकीला ऑटिझम आहे, तिला डॉक्टरांनीच 3 मिलीग्रॅम दिलंय आणि खूप फरक पडला, त्यामुळे औषध वाईटच असं कोणी समजू नका प्लीज. रात्री दोनला उठते ते मात्र तसंच आहे.

अनघा: बरोबर मेधा, अशा मुलांना उपयोग होतो. ते झोप लागायला मदत करतं, मध्येच जाग येते तिथे फारसं नाही. स्वाती, एक राहिलं, आरव घोरतो का?

स्वाती: हो अनघाताई, बऱ्यापैकी, तोंड उघडं ठेवून झोपतो आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो. सर्दी असेल असं वाटायचं.

अनघा: मग गमीचा विषयच बाजूला ठेव. टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड वाढलेले असू शकतात, सकाळी न उठण्याचं कारण तेही असेल. आज रात्री दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ, आवाजासकट, आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव.

स्वाती: उद्या फोन करते. बाटली वरच्या कपाटात टाकलीय.

अनघा: वरच्या नको गं, खुर्ची घेऊन चढतात. कुलूप लाव.