मशीनचा घसारा कधीपासून धरायचा?

मदत हवी आहे. छोट्या व्यवसायासाठी 6,00,000 चं मशीन रोखीनं घेतलं. 5 वर्षं चालेल, शेवटी भंगारात 1,00,000 येतील असा अंदाज. आधी पूर्ण रक्कम खर्चात टाकली, तर वर्ष तोट्यात दिसलं; म्हणून ती नोंद काढून मशीन मालमत्तेत घेतलं. घसारा म्हणजे बाजारभावातली घट नव्हे, तर वापरात संपणारे 5,00,000 पाच वर्षांवर वाटणं, वर्षाला 1,00,000, इथवर पटलं. पण मशीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी आलं आणि जोडणी, चाचणी होऊन वापरायला तयार झालं ते तीन महिन्यांनी. करासाठीचे दर वेगळे असतात, ते नकोत. फक्त वह्यांपुरतं विचारतोय. पहिल्या वर्षी 1,00,000 लावायचे की 75,000?